६२०५ बेअरिंग किती मागवायची आणि कधी मागवायची: आमच्या दुकानातला हिशोब

आमचं नागपुरात सेंट्रल एव्हेन्यूवर बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील असल्या मालाचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे हिंगणा अन बुटीबोरीचे कारखाने, भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिल, आणि गल्लीबोळातले मोटर रिवाइंडिंगवाले. माल मागवायचं काम आजवर काकांकडे होतं आणि त्यांची पद्धत एकदम सोपी, रॅकवर नजर टाकायची, बॉक्स कमी वाटले की पुण्याच्या डिस्ट्रिब्यूटरला फोन, आणि किती विचारलं तर "पाठवून द्या पाचशे". मी म्हटलं प्रत्येक आयटमचं किती आणि कधी हे एकदा कागदावर काढू, तर काका म्हणाले, "अरे रॅक खाली दिसला का मागवाचा, त्यात काय गणित करतं बे."

गणित करायचं कारण एकच होतं. काही आयटम दोन-दोन वर्षं पुरतील एवढे पडून आणि ६२०५ सारखी रोज जाणारी बेअरिंग नेमकी मिलवाला काउंटरवर उभा असताना संपलेली. तो मग शेजारच्या दुकानात जातो आणि बेल्ट, सील, ग्रीस सगळं तिथूनच उचलतो, म्हणजे एका बेअरिंगपायी आख्खं बिल गेलं. म्हणून सुरुवात ६२०५ नेच केली, सील असलेली, आतून २५ मिमी, बाहेरून ५२, जाडी १५. छोट्या मोटरीत, पंपात, कन्व्हेयरच्या रोलरमध्ये सगळीकडे हीच बसते.

आधी विक्री काढली. टॅलीतून वर्षाची बिलं एक्सेलला घेतली तर ११४० नग गेलेले, दुकान वर्षाला साधारण ३०० दिवस उघडं, म्हणजे दिवसाला ३.८. इथे एक गोष्ट बघावी लागते, बिलांच्या यादीत ज्या दिवशी एकही नग गेला नाही तो दिवस दिसतच नाही, आणि तसाच सरासरीला घेतला तर आकडा फुगतो. म्हणून सगळ्या ३०० दिवसांची कॉलम करून रिकाम्या दिवसांसमोर शून्य टाकलं. उलट जे दिवस माल संपला म्हणून शून्य आहेत ते काढून टाकले कारण तेव्हा मागणी होती, मालच नव्हता (काउंटरवर एक जुनी वही आहे ज्यात मुलं "नाही" असं लिहून आयटम टाकतात, ती इथे फार कामी आली, ११४० मध्ये त्या वहीतले नग पण धरले आहेत). एका मिलनं ओव्हरहॉलला एकदम मोठा लॉट नेला होता तो वेगळा काढला. तसा लॉट फोन करून सांगून येतो, त्याच्यासाठी रॅकवर माल साठवायची गरज नाही. उरलेल्या दिवसांची चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ३ नग आली.

मग ऑर्डरचा खर्च. यात लोक काहीही धरतात, मुनीमच्या पगाराचा हिस्सा, दुकानाचं भाडं, लाइट बिल. माझं मत असं की एक ऑर्डर जास्त दिली तर खिशातून जास्तीचं जे जाते तेवढंच धरायचं. मुनीमला पगार ऑर्डर दिली तरी आहे आणि नाही दिली तरी आहेच. आमचं असं निघालं: ट्रान्सपोर्टची मिनिमम बिल्टी २५०, वाडीच्या गोडाऊनवरून दुकानापर्यंत टेम्पो २२०, हमाली ८०, आणि मोजणी, फोन, चहापाणी मिळून ७०. एकूण ६२०. दोनशे ६२०५ चं वजन जेमतेम २६ किलो होते, त्यामुळे दोनशे मागवा की पाचशे, बिल्टी मिनिममचीच लागते, हा खर्च नगावर नाही, फेरीवर आहे.

ठेवायचा खर्च, खरेदी भाव १९० रुपये, त्यावर वर्षाला २० टक्के धरले. बँकेच्या कॅश क्रेडिटचं, म्हणजे सीसीचं, व्याजच ११ च्या आसपास आहे, बाकी जागा, विमा, आणि सीलच्या आतलं ग्रीस पडून पडून जुनं होते त्याचं थोडं. म्हणजे एक नग वर्षभर रॅकवर बसला तर ३८ रुपये खातो. काकांना हा आकडा पटायला वेळ लागला, त्यांचं म्हणणं माल म्हणजे पैसाच ना बावा, आणि ते एका अर्थी बरोबर पण आहे, फक्त तो पैसा बँकेचा आहे.

आता एकावेळी किती मागवायचं त्याचा फॉर्म्युला. हा फोर्ड हॅरिसनं १९१३ साली मांडला, म्हणजे शंभर वर्षांहून जुना आहे. मागणी गुणिले ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, भागिले एक नग वर्षभर ठेवायचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. ११४०, ६२० आणि ३८ टाकले की १९३ येते. बेअरिंग दहाच्या पॅकमध्ये येते, तर २०० धरा. वर्षाला साडेपाच-सहा ऑर्डरी.

या आकड्याला चिकटून बसायची गरज नाही हे मला स्वतः आकडे घालून पाहिल्यावरच पटलं. १९३ ला ऑर्डरचा आणि ठेवायचा खर्च मिळून वर्षाला ७३२९ रुपये, २०० ला ७३३४, म्हणजे पाच रुपयांचा फरक. ३०० मागवले तर ८०५६. शंभरच मागवले तर ८९६८. एक खर्च वाढतो तेव्हा दुसरा उतरतो, म्हणून तळाशी हा खर्च सपाट असतो, थोडं इकडे-तिकडे झालं तर काही बिघडत नाही, आणि म्हणूनच ६२० आहे का ७०० आहे यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. कोणी पगार-बिगार धरून ६२० चे १५०० जरी केले तरी ऑर्डर ३०० ची येते आणि नुकसान दहा टक्के. हो, पाचशेला मात्र खर्च दहा हजार नऊशेच्या वर जातो.

आणि इथेच काका जिंकले. डिस्ट्रिब्यूटर पाचशेच्या वर २ टक्के सूट देतो. ११४० नगांवर ती सूट वर्षाला ४३३२ रुपये होते. पाचशेनं मागवल्यानं जास्तीचा खर्च, भाव कमी झाल्यानं ठेवायचा खर्चही जरासा उतरतो तो धरून, ३३९० च्या आसपास. म्हणजे सूट घेणं साधारण साडेनऊशे रुपयांनी फायद्याचं. फॉर्म्युला सुटीचा विचार करतच नाही, ती वेगळी बघावी लागते, प्रत्येक सुटीच्या पायरीवर एकूण खर्च काढून. पण काका हाच "पाचशे" सगळ्याच आयटमला लावत होते, आणि महिन्याला चार नग जाणाऱ्या आयटमला २ टक्क्यासाठी पाचशे उचलायचे म्हणजे नातवापर्यंतची सोय. ६२०५ ला पण मी सध्या दोनशेवरच आहे कारण सीसी लिमिट भरत आली की नऊशे-हजारासाठी साठ हजाराचा जास्तीचा माल अंगावर घ्यायला नको वाटते, काकांना ते पटलेलं नाही अन त्यांचा मुद्दा कागदावर खरा आहे.

किती मागवायची हे झालं, पण खरी गंमत कधी मागवायची यात आहे. त्यासाठी मागच्या दहा ऑर्डरी काढल्या, फोन केला ती तारीख आणि माल रॅकवर लागला ती तारीख, मधले दुकान उघडं असलेले दिवस मोजले. रविवार धरायचा नाही, कारण रोजचे ३.८ हे उघड्या दिवसाचे आहेत, एक आकडा कॅलेंडरचा अन दुसरा कामाच्या दिवसाचा घेतला तर सगळंच चुकते. दिवस असे आले: ६, ७, ५, ९, ६, १४, ७, ८, ६, १२. सरासरी ८, आणि चढउतार २.९ दिवस. डिस्ट्रिब्यूटरला विचारा तर तो सांगतो, "पाच दिवस, साहेब." पाच दिवस दहातून एकदाच होते.

८ दिवसात ३.८ नं ३०.४ नग जातील, एवढं तर शिल्लक असतानाच फोन करावा लागेल. पण तेवढ्यावर थांबलं तर दर दुसऱ्या ऑर्डरला माल यायच्या आत रॅक खाली. त्याच्यावर सेफ्टी स्टॉक, म्हणजे कमीजास्त झालं तर पुरेल असा जास्तीचा माल लागतो, आणि त्यात दोन गोष्टींची चढउतार येते, रोजची विक्री कमीजास्त होते ती आणि माल यायचे दिवस कमीजास्त होतात ती. विक्रीचा भाग म्हणजे ८ दिवस गुणिले ३ चा वर्ग, ७२. दिवसांचा भाग म्हणजे ३.८ चा वर्ग गुणिले २.९ चा वर्ग, जवळजवळ १२२. बेरीज १९४, वर्गमूळ १३.९. शंभरातल्या ९५ ऑर्डरींना माल पुरायला पाहिजे असं धरलं तर १.६४५ नं गुणायचं, २३ नग. रिऑर्डर पॉइंट, म्हणजे किती नग उरले की फोन करायचा तो आकडा, ३०.४ आणि २३ मिळून ५४.

बरीच लोकं फक्त विक्रीची चढउतार घेतात आणि माल यायचे दिवस पक्के आहेत असं धरतात. तसं केलं असतं तर सेफ्टी २३ ऐवजी १४ आली असती आणि पॉइंट ४५. ७२ आणि १२२ हे दोन आकडे बाजूबाजूला ठेवून बघा, आमच्याकडे गिऱ्हाइकापेक्षा ट्रक जास्त बेभरवशाचा आहे. जो आयटम रोज जास्त जातो त्यात तर दिवसांचा भाग आणखी फुगतो कारण रोजच्या विक्रीचा वर्ग होतो.

एक्सेलमध्ये एका ओळीत हे असं बसते. B वर्षाची मागणी, C ऑर्डरचा खर्च, D एका नगाचा वर्षाचा ठेवायचा खर्च, E रोजची विक्री, F यायचे सरासरी दिवस, G रोजच्या विक्रीची चढउतार, H दिवसांची चढउतार:

```
=ROUND(SQRT(2*B2*C2/D2),0)
=ROUNDUP(E2*F2+NORM.S.INV(0.95)*SQRT(F2*G2^2+E2^2*H2^2),0)
```

G आणि H साठी STDEV.S वापरलं.

काकांना १.६४५ वगैरे सांगून उपयोग नव्हता. त्यांना मी एवढंच विचारलं, सगळ्यात उशिरा माल किती दिवसात आला होता? १४. रोज ३.८ नं १४ दिवसात किती जातील? ५३. मग ५४ वर फोन केला तर तसल्या उशिरातही भागते. हे त्यांना लगेच पटलं. आणि ही तपासणी मला पण हवीच होती, कारण १.६४५ चा आकडा चढउतार दोन्ही बाजूला सारखी आहे असं धरून येतो आणि ट्रक तसा वागत नाही, लवकर आला तर दोन-तीन दिवस लवकर, उशीर झाला तर आठवडाभर. दहा ऑर्डरींचा रेकॉर्ड पण काही फार नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या आयटमला फॉर्म्युल्याचा आकडा काढून झाला की सगळ्यात वाईट उशिराशी ताडून बघतो, आणि पॉइंट त्याच्या फारच खाली असेल तर वाढवतो.

९५ टक्के म्हणजे काय यावरही आमच्याकडे गोंधळ होता. शंभरातल्या पाच गिऱ्हाइकांना परत पाठवायचं असा त्याचा अर्थ नाही. दर ऑर्डरीमागे, माल येईपर्यंतच्या काळात, रॅक खाली होण्याची शक्यता पाच टक्के. वर्षाला साडेपाच-सहाच ऑर्डरी असल्यानं तीन-साडेतीन वर्षात एखाद्या वेळी, आणि तेव्हाही थोडेच नग कमी पडणार. छोट्या छोट्या ऑर्डरी देत सुटलं की हा धोका जास्त वेळा येतो, दोनशेच्या जागी पन्नास-पन्नास मागवले तर तोच पाच टक्के वर्षातून तेवीस वेळा.

मग त्या १४, १२ आणि ९ च्या मागे लागलो. बिल्टीवर माल वाडीला उतरल्याची तारीख असते, ती आणि दुकानातली तारीख जुळवली. १४ मधले ४ दिवस, १२ मधले ३ आणि ९ मधला १ दिवस माल वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये येऊन पडलेला. आपला टेम्पो दुसरा माल भरला की मगच जाणार म्हणून तसाच. डिस्ट्रिब्यूटरला शिव्या आणि उशीर निम्मा आपल्याच गल्लीतला. हे दिवस काढले तर सरासरी ८ वरून ७.२, आणि चढउतार २.९ वरून १.५५. सेफ्टी २३ वरून १६ च्या वर थोडी, पॉइंट ५४ वरून ४४. सरासरी एक दिवसही कमी झाली नाही, तरी दहा नगांचा फरक पडला, आणि त्यातला बराचसा चढउतार कमी झाल्याचा.

म्हणून आता बिल्टी उतरल्याचा मेसेज आला की दुसऱ्या दिवशी माल उचलायचा, टेम्पो अर्धा रिकामा गेला तरी चालेल. पॉइंट मात्र लगेच ४४ वर आणला नाही. एका आयटमवर दहा नग म्हणजे वर्षाला ३८० रुपयेच, त्यासाठी घाई कशाला, आधी नवीन ऑर्डरींच्या तारखा बोलू देत. रॅकला "५४" लिहिलेला लाल स्टिकर लावला आहे आणि शेवटचे ५४ नग वेगळ्या पेटीत ठेवले आहेत, ती पेटी फोडली की फोन.

पण त्या पेटीतही एक लोचा आहे. ऑर्डर दिल्यावर माल यायला आठ दिवस, तेवढे दिवस रॅकवर ५४ पेक्षा कमीच दिसणार, आणि काउंटरवरचा दुसरा मुलगा ते बघून परत फोन करणार. दोनशेच्या जागी चारशे येऊन पडतात. म्हणून ५४ शी रॅकवरचा माल जुळवायचा नाही, रॅकवरचे नग आणि वाटेवरचे नग मिळून, त्यातून कोणाला कबूल केलेले वजा करून, जे राहील ते जुळवायचं. पेटीवरच चिठ्ठी चिकटवतो, "मागवले" आणि तारीख.

६२०५ नंतर बाकीच्या आयटमला तोच फॉर्म्युला ओढत नेला तर दोन ठिकाणी अडते. ऑइल सील घ्या, वर्षाला ९००, भाव ३५, ठेवायचा खर्च नगाला ७. ६२० टाकले तर एकावेळी ४०० मागवा म्हणते. पण सील तर त्याच गाडीतून ६२०५ च्या सोबत येते, तिच्यामुळे बिल्टी वाढत नाही, टेम्पो वाढत नाही, फक्त एक ओळ लिहायची, मोजायचं, रॅकवर लावायचं, ४० रुपये धरा. ४० टाकले की १०० येते. म्हणजे गाडी ज्या आयटममुळे बोलवायची त्याच्यावर ६२०, आणि मागे बसून येणाऱ्यांवर ४०. ६२०५ ची पेटी फुटली की त्याच डिस्ट्रिब्यूटरकडच्या बाकी आयटमवर नजर टाकायची आणि जे आपल्या पॉइंटच्या जवळ आले आहेत ते पण याच ऑर्डरीत घालायचे.

दुसरं, मोठे पिलो ब्लॉक, वर्षाला १८ नग जातात. आठ दिवसात सरासरी अर्धा नग, अर्धा नग कोणी विकत घेत नाही, एकतर शून्य जातो नाहीतर एक नाहीतर एखाद्या वेळी दोन. तिथे NORM.S.INV चा आकडा खोटा ठरतो, त्याऐवजी POISSON.DIST वापरलं. दोन नग शिल्लक असताना ऑर्डर दिली तर माल येईपर्यंत दोनापेक्षा जास्त मागणी येण्याची शक्यता सव्वा टक्का, आणि १४ दिवस उशीर झाला तरी पाच-साडेपाच टक्के. पॉइंट दोन, विषय संपला.

कूलरच्या पंपाला मात्र यातलं काहीच लावलं नाही. नागपुरात तो मार्च ते जूनच्या सुरवातीपर्यंत जातो आणि पाऊस पडला की त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, त्यामुळे वर्षाची मागणी ३०० दिवसात वाटणं म्हणजे जानेवारीत धूळ खायला ठेवणं आणि मेमध्ये हात वर करणं. त्याचा हिशोब हंगामाचा वेगळा, एकदा फेब्रुवारीत भरायचं, आणि मग एप्रिलच्या विक्रीवरून परत किती मागवायचे ते ठरवायचं. ते काकांकडेच ठेवलं आहे, ऊन बघून अंदाज करण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही.